जिराफाची मान आणि ‘म्हणून’चा घोळ: नैसर्गिक निवड समजून घेताना या चुका टाळा

‘नैसर्गिक निवड स्पष्ट करा’ या प्रश्नाचं एक उत्तर वर्षानुवर्षं पेपर तपासून मला तोंडपाठ झालं आहे. ‘पूर्वी जिराफांच्या माना आखूड होत्या. खालचा पाला संपला. मग उंचावरची पानं खाता यावीत म्हणून जिराफ मान ताणू लागले. ताणून ताणून मान लांब झाली आणि ती पिलांमध्ये उतरली. अशा प्रकारे नैसर्गिक निवड झाली.’ यातलं शेवटचं वाक्य तेवढं डार्विनचं. त्याआधीचं सगळं लॅमार्कचं, १८०९ सालचं.

विद्यार्थ्यांना फार दोष देता येत नाही. दहावीच्या विज्ञानात लॅमार्कवाद आणि डार्विनवाद शेजारी शेजारी येतात आणि जिराफाची गोष्ट चित्रासारखी डोक्यात बसते. डार्विनच्या बाजूला तशी गोष्टच नसते, असतात ते ‘जीवनसंघर्ष’, ‘अनुकूलन’ असे जड शब्द. परीक्षेत मग गोष्ट आठवते आणि नाव दुसऱ्याचं लागतं. मोठी माणसंही याला अपवाद नाहीत. ‘डासांना कॉइलची सवय झाली’ किंवा ‘अळीने औषध पचवायला शिकून घेतलं’ असं आपण सहज बोलून जातो. जिराफाचं उत्तर आणि ही वाक्यं एकाच साच्यातली आहेत.

‘म्हणून’ कुठे आला आहे ते बघा

चूक पकडायची सोपी खूण मराठीतच आहे. ही दोन वाक्यं पाहा:

‘उंच पानं खाता यावीत म्हणून मान लांब झाली.’

‘मान लांब होती म्हणून उंच पानं खाता आली.’

दोन्हींत ‘म्हणून’ आहे, पण पहिल्यात तो हेतू सांगतो आणि दुसऱ्यात कारण. मराठी दोन्ही कामं एकाच शब्दावर भागवते, त्यामुळे बोलता बोलता आपण एकीकडून दुसरीकडे कधी घसरलो ते कळतही नाही. नैसर्गिक निवडीबद्दल लिहिताना ‘म्हणून’च्या आधीचं क्रियापद तपासा. ते ‘यावीत’, ‘मिळावं’, ‘टिकावं’ अशा रूपात असेल तर थांबा. तुम्ही जिराफाच्या गरजेला कारण बनवलं आहे. गरज लागली की अवयव उगवतो, असं निसर्गात घडत नाही. गरज भागली नाही की बहुतेक वेळा प्राणी मरतो.

दुसरी खूण कर्त्याची. ‘जिराफाने बदल केला’ या वाक्यात कर्ता एक जनावर आहे. निवडीमुळे बदलतं ते एक जनावर नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा अख्खा कळप. त्यात कोणत्या प्रकारचे किती आहेत, हे प्रमाण बदलतं.

खरं तर ‘निवड’ हा शब्दही थोडा फसवा आहे. कुणीतरी बसून निवडतंय असं वाटतं. आपण तांदूळ निवडतो तेव्हा निवडणारे हात असतात. इथे त्यापेक्षा चाळण आठवावी. चाळणीला खडा आणि रवा यांतला फरक कळत नाही, तरी एक वर राहतो आणि दुसरा खाली पडतो. अर्थात चाळणीची उपमाही अर्धीच आहे, कारण चाळलेल्या रव्याला पिलं होत नाहीत. नैसर्गिक निवडीत जे उरलं त्याचीच पुढची पेरणी होते.

ताणलेली मान पिलात का उतरत नाही

कोल्हापूरच्या तालमीत पहिलवानाचा मुलगाही जोर-बैठका शून्यापासून सुरू करतो. बापाने कमावलेलं शरीर बापाबरोबरच राहतं. व्यायामाने स्नायूंच्या पेशी फुगतात, पण अपत्य तयार होतं ते शुक्रपेशी आणि अंडपेशीतून. दंडात काय घडलं याची बातमी त्या पेशींतल्या जनुकांपर्यंत नेणारी आणि तिथली अक्षरं त्याप्रमाणे बदलणारी यंत्रणाच शरीरात नाही.

इथे बऱ्याच पुस्तकांत वाइसमानचे उंदीर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आउगुस्ट वाइसमानने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, तरी पिलं शेपटीसकटच जन्मली. कित्येक पिढ्या कान टोचूनही आपली बाळं न टोचलेल्या कानांचीच जन्मतात, तसंच हे. मला मात्र हा पुरावा लॅमार्कच्या विरोधात थोडा लंगडा वाटतो. लॅमार्क बोलत होता अवयवाच्या वापराबद्दल आणि शेपूट कापणं हा काही शेपटीचा वापर नव्हे. पहिलवानाचं उदाहरण जास्त नेमकं आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तकं क्वचित सांगतात. डार्विन स्वतः ‘वापर आणि न वापर’ पूर्णपणे नाकारत नव्हता. मिळवलेले गुण थोडेफार उतरत असावेत असं त्यालाही वाटे, कारण जनुकं काय असतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १८५९च्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत जिराफाची शेपूट येते, माश्या हाकलण्याचं साधन म्हणून. मानेची चर्चा त्याने १८७२च्या सहाव्या आवृत्तीत घातली. म्हणजे ‘लॅमार्कचा जिराफ विरुद्ध डार्विनचा जिराफ’ ही जोडी डार्विनपेक्षा पाठ्यपुस्तकांनीच जास्त रंगवली आहे.

चोच मोजून पाहिलेली गोष्ट

जिराफाची मान लांब होताना कुणी पाहिलेली नाही. पण निवड होताना पाहिलेली आहे, तीही हातात मोजमापाचं साधन घेऊन. म्हणून उत्तरात जिराफाऐवजी हे उदाहरण लिहावं असं मी सुचवतो.

इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांत डॅफ्ने मेजर नावाचं एक छोटं, ओसाड बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. पक्षी पकडायचा, पायात रंगीत कडी घालायची, चोचीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजायची आणि सोडून द्यायचा. बेट इतकं लहान की जवळपास प्रत्येक पक्षी ओळखीचा झाला. कोण कुणाचं पिलू हेही नोंदवलेलं होतं.

१९७७मध्ये पाऊस जवळजवळ झालाच नाही. मध्यम आकाराच्या भू-फिंचचं मुख्य अन्न म्हणजे बारीक, मऊ बिया. त्या आधी संपल्या. उरली ती मोठी, कठीण फळं, त्यांतही सराट्याच्या जातभाईची काटेरी फळं. आपल्याकडे माळरानावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला सराटा माहीत आहे. असलं काटेरी कवच चोचीने फोडायचं म्हणजे जोर लागतो आणि तो जोर जाड चोचीत असतो. बारीक चोचीच्या पक्ष्यांना ते फोडता येईना. दुष्काळ संपेपर्यंत या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले.

जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी दुष्काळाआधीच्या थव्यापेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. आधी ती साधारण ९.४ मिलिमीटर होती.

जिराफवाला विद्यार्थी इथे लगेच लिहितो, ‘कठीण बिया फोडून फोडून चोच जाड झाली.’ कड्या घातल्याचा खरा उपयोग इथे होतो. पक्षी एकेकटे ओळखता येत होते आणि पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची चोच काही दुष्काळाने जाड झाली नव्हती. सरासरी बदलली ती मोजणीत उरलेले पक्षी वेगळे होते म्हणून.

हे कसं होतं ते आकड्यांत करून पाहू. पुढचे आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, बेटावरचे नाहीत. समजा १०० पक्षी आहेत. ५० जणांची चोच ९ मिलिमीटर, ५० जणांची १० मिलिमीटर. सरासरी ९.५. दुष्काळात ८५ मेले. बारीक चोचीचे ३ उरले, जाड चोचीचे १२. आता ३ गुणिले ९ म्हणजे २७, १२ गुणिले १० म्हणजे १२०, बेरीज १४७, भागिले १५, सरासरी ९.८. चोच कुणाचीच केसभरही बदलली नाही, तरी सरासरी ०.३ मिलिमीटरने वर गेली. वर्गातले बुटके विद्यार्थी सहलीला गेले की वर्गाची सरासरी उंची वाढते, तसंच हे.

पण इथवर फक्त निवड झाली, उत्क्रांती नाही. बरीच उत्तरं इथेच थांबतात आणि पुढचा अर्धा भाग राहून जातो. समजा जाड चोच ही निव्वळ लहानपणी चांगलं खायला मिळाल्याचा परिणाम असती. मग वाचलेल्यांच्या पिलांची सरासरी पुन्हा मूळ ९.५वर आली असती आणि दुष्काळाचा मागमूस उरला नसता. ग्रँट यांच्या चमूने आई-बाप आणि पिलं यांच्या चोचींची तुलना आधीच केली होती. जाड चोचीच्या जोडप्यांची पिलं बहुतांशी जाड चोचीची निघत होती. त्यामुळे दुष्काळानंतर जन्मलेल्या पिढीची चोच आधीच्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जाड भरली. वाचलेल्यांमधला फरक जेवढा होता त्यापेक्षा थोडा कमी, पण बराचसा पुढे उतरला.

म्हणजे उत्तरात तीन गोष्टी दिसायला हव्यात. थव्यात आधीपासून फरक होता, त्या फरकामुळे मरण्या-जगण्याचं किंवा पिलं होण्याचं प्रमाण बदललं आणि तो फरक आनुवंशिक होता. यांतली एक जरी नसेल तरी गोष्ट पुढे सरकत नाही. सगळ्या चोची सारख्याच असत्या तर ८५ टक्के मेल्यावरही सरासरी होती तिथेच राहिली असती.

‘बळी तो कान पिळी’ नव्हे

‘सक्षम तो टिकेल’ याचा अर्थ बहुतेक जण ‘दणकट तो टिकेल’ असा घेतात. हे मूळ इंग्रजी वचन हर्बर्ट स्पेन्सरचं. डार्विनने ते नंतर उचललं आणि तेव्हापासून घोळ चालू आहे. १९७७ची गोष्ट वाचून तर हा समज पक्काच होतो, कारण तेव्हा मोठेच पक्षी जिंकले.

पण बेटावरची मोजणी थांबली नाही. १९८२-८३मध्ये एल निनोमुळे डॅफ्ने मेजरवर धो धो पाऊस पडला. वेलींनी आणि गवताने बेट झाकून गेलं आणि बारीक बियांचा सुकाळ झाला. पुढच्या कोरड्या वर्षांत पारडं फिरलं. बारीक बिया झटपट टिपणारे, कमी खाण्यावर भागवणारे लहान पक्षी सरस ठरले आणि चोचीची सरासरी उलट दिशेला सरकली.

त्याच ओल्या काळात मोठा भू-फिंच ही दुसरी जात बेटावर स्थायिक झाली. २००४-०५चा दुष्काळ आला तेव्हा सराट्याची फळं या मोठ्या पाहुण्यांनीच फस्त केली. मध्यम फिंचमधले जाड चोचीचे पक्षी १९७७ला ज्या गुणामुळे वाचले, त्याच गुणामुळे या वेळी मार खाऊन गेले. त्यांची स्पर्धा आता त्यांच्याहून थोराड पक्ष्यांशी होती. सरासरी चोच बारीक झाली.

दोन्ही वेळा बेट तेच, जात तीच आणि दुष्काळही सारखाच कडक, तरी निकाल उलटा लागला. ‘चोच कोणत्या दिशेने विकसित होत आहे?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. ‘प्रगत’ आणि ‘मागासलेली’ चोच असंही काही नसतं. सक्षम कोण हे ताकदीवरून ठरत नाही. त्या वर्षी, त्या जागी कुणाची जास्त पिलं वाढली हे मोजायचं आणि मग ठरवायचं.

मग जिराफाचं खरं काय?

जिराफाच्या मानेत मणके सातच, तुमच्या-माझ्याइतकेच. फक्त एकेक मणका २५ सेंटिमीटरच्या आसपास लांब. मान वाढली ती असलेले मणके लांबत जाऊन. ओकापी हा जिराफाचा जिवंत भाऊबंद आखूड मानेचा आहे. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या सामोथेरियम नावाच्या नातेवाईकाचे जीवाश्म मिळाले आहेत, त्याची मान या दोघांच्या मधली.

एवढं नक्की. मान लांब असणाऱ्यांना फायदा कशाचा झाला, यावर मात्र अजून वाद आहे. उंच पाल्याची बाजू मांडणाऱ्यांकडे आफ्रिकेत कुंपण घालून केलेले प्रयोग आहेत. खालच्या पाल्यावर लहान शाकाहारी प्राण्यांची गर्दी असते, तिथे जिराफाच्या तोंडाला कमी लागतं, असं त्यांत दिसलं. १९९६मध्ये दुसरी बाजू पुढे आली. नर जिराफ मान गोफणीसारखी फिरवून एकमेकांवर डोकं आपटतात आणि जिंकणाऱ्याला माद्या मिळतात, तेव्हा मान ही मुळात लढाईसाठी उपयोगी पडली असेल. पण मग माद्यांच्या माना लांब का, हा त्यावरचा आक्षेप. दोन्ही थोडंथोडं खरं असणंही शक्य आहे. परीक्षेत ‘उंच पानांमुळे’ लिहिलंत तर गुण कापले जाणार नाहीत, फक्त ‘ताणून’ लिहू नका.

जाता जाता त्याच मानेतली एक नस. मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारी ही नस थेट तिथे न जाता आधी खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. आपल्यात हा वळसा काही सेंटिमीटरांचा, जिराफात तो काही मीटरांचा. आपल्या माशासारख्या पूर्वजांना मानच नव्हती, तेव्हा तो रस्ता सरळ होता. निवडीला कोऱ्या कागदावर नव्याने आराखडा काढता येत नाही. ती आहे त्याच घराला खोल्या जोडत जाते.

‘अळीला सवय झाली’

हा जिराफ आपल्या शेतातही उभा आहे. बीटी कापूस भारतात २००२मध्ये आला. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं, ही त्यामागची युक्ती. २०१०मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचं नोंदलं गेलं आणि २०१७च्या हंगामात दोन जनुकांचं बीटी पेरलेल्या विदर्भातही बोंडं पोखरली गेली. तेव्हा ऐकू येणारं वाक्य एकच: ‘अळीला बीटीची सवय झाली.’

सवय एका जिवाला लागते, चहाची लागते तशी. बीटीचं बोंड खाल्लेली साधी अळी मात्र मरते. सवय लागायला ती उरतच नाही. लाखो अळ्यांत एखाददुसरी अशी असते की तिच्यावर या प्रथिनाचा परिणाम होत नाही, कारण तिच्यातलं जनुक जरा वेगळं आहे. असे वेगळेपण बीटीच्या गरजेने निर्माण होत नाहीत, ते बीटी नसतानाही अधूनमधून उपजतात. बाकीच्या मेल्या की शेत या मूठभरांचं होतं.

दोन्ही वाक्यं शेवटी ‘अळी मरत नाही’ इथेच येतात, मग शब्दांवरून एवढा काथ्याकूट कशाला, असं कुणी विचारेल. फरक उपायात पडतो. सवयच लागत असेल तर औषध बदला किंवा डोस वाढवा, एवढंच सुचतं. मुद्दा प्रमाणाचा आहे हे कळलं की बियाण्याच्या पिशवीसोबत तेव्हा येणाऱ्या रेफ्युजीच्या, म्हणजे बिगर-बीटी बियाण्याच्या, पाकिटाचा अर्थ लागतो. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के बिगर-बीटी कापूस लावा, असा नियम होता. त्या ओळींत साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे भरपूर पतंग होतात. बीटी ओळींतून वाचलेला एखादा प्रतिकारक पतंग निघाला तर त्याला जोडीदार बहुधा साधाच मिळतो. या अळीतला प्रतिकार बहुतांशी अप्रभावी जनुकांचा आहे, म्हणजे तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच पुरेसा चालतो. त्यामुळे या मिश्र जोडीची पिलं बीटीवर मरतात आणि प्रतिकारक जनुक पुन्हा विरळ होतं. रेफ्युजी नसेल तर वाचलेल्याला जोडीदारही वाचलेलाच मिळतो.

जिथे प्रतिकारक जनुक एकट्यानेही पुरतं किंवा झाडातलं प्रथिन कमजोर असतं, तिथे ही युक्ती चालत नाही. शेतकऱ्याची अडचणही खरी होती: पाच ओळी अळीला दान करायच्या कुणी? बहुतेकांनी पाकीट बांधावर टाकलं. त्यात हंगाम संपल्यावरही पीक न काढता फरदड घेतल्याने कापूस शेतात उन्हाळ्यापर्यंत राहिला आणि जवळजवळ फक्त कापसावर जगणाऱ्या या अळीला चाळणीतून जायला दर वर्षी आणखी पिढ्या मिळाल्या.

अमेरिकेतल्या ॲरिझोनातही हीच गुलाबी बोंडअळी आणि तेच बीटी होतं. तिथे सुरुवातीची दहा वर्षं रेफ्युजी काटेकोरपणे लावली गेली. २००६पासून त्याऐवजी प्रजननक्षम नसलेले पतंग मोठ्या संख्येने सोडले, म्हणजे वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळाला तरी पिलं होऊ नयेत. २०१८मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.